सनस्क्रीनवरचे चार प्लस : पीए++++ आणि 'ब्रॉड स्पेक्ट्रम' यातून ग्राहकाला नेमकं काय कळतं?

एप्रिल २०२५ मध्ये भारतात सनस्क्रीनवरून कोर्टबाजी झाली. लॅक्मेच्या एका जाहिरातीत असा दावा होता की ऑनलाइन भरपूर खपणाऱ्या एका सनस्क्रीनवर एसपीएफ ५० लिहिलेलं असलं, तरी चाचणीत ते २० च भरलं. द डर्मा को या ब्रँडची मालक कंपनी होनासा दिल्ली हायकोर्टात गेली आणि हिंदुस्तान युनिलिव्हरने जाहिरातीत बदल करण्याची तयारी दाखवली. सोशल मीडियावर त्या आठवड्यात सगळीकडे एकच प्रश्न होता. माझ्या ट्यूबवरचा ५० खरा आहे का?

हे सगळं भांडण एसपीएफच्या आकड्यावर चाललं होतं. पण त्याच ट्यूबवर, त्या आकड्याच्या शेजारी आणखी दोन गोष्टी छापलेल्या असतात. एक म्हणजे 'पीए' आणि त्यापुढचे प्लस, कधी तीन, कधी चार. दुसरी म्हणजे 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे दोन शब्द. रील्समध्ये या दोन्हींचं भाषांतर एका वाक्यात उरकतात, 'जितके जास्त प्लस तितकं चांगलं'. हे चूक नाही, पण अपुरं आहे. तीन प्लस आणि चार प्लस यांच्यातला फरक किती? एसपीएफ ५० सोबत तीन प्लस पुरेसे आहेत का? ब्रॉड स्पेक्ट्रम लिहिलंय पण प्लस नाहीत, तर काय समजायचं? या प्रश्नांची उत्तरं लेबलवरूनच बऱ्यापैकी काढता येतात. त्यासाठी हे प्लस येतात कुठून, हे आधी बघावं लागेल.

एसपीएफ एका किरणाचा, पीए दुसऱ्याचा

उन्हातून आपल्यापर्यंत दोन प्रकारचे अतिनील किरण पोचतात, यूव्हीबी आणि यूव्हीए. यूव्हीबीची तरंगलांबी २९० ते ३२० नॅनोमीटर, यूव्हीएची ३२० ते ४००. त्वचा लाल होणं, भाजणं हे मुख्यतः यूव्हीबीचं काम. एसपीएफ मोजताना त्वचा लाल व्हायला किती डोस लागतो हेच बघतात, त्यामुळे एसपीएफ हा प्रामुख्याने यूव्हीबीचा आकडा आहे.

यूव्हीए त्वचेत जास्त खोल जातो. तो पटकन भाजत नाही, म्हणून कळतही नाही. त्वचा काळवंडणं, वांग गडद होणं, सुरकुत्या लवकर येणं यात त्याचा मोठा वाटा असतो. शिवाय यूव्हीबी दुपारी चढतो आणि सकाळ-संध्याकाळ उतरतो, तसा यूव्हीए फारसा उतरत नाही. खिडकीची साधी काच यूव्हीबी जवळजवळ अडवते, पण यूव्हीएचा बराचसा भाग आत सोडते. गाडीची पुढची काच दोन थरांची असते, त्यामुळे ती यूव्हीए चांगला अडवते. बाजूच्या साध्या काचा मात्र तेवढा अडवत नाहीत. म्हणजे खिडकीजवळ टेबल लावून दिवसभर लॅपटॉपवर बसणाऱ्या माणसासाठी एसपीएफच्या आकड्यापेक्षा यूव्हीएचा आकडा जास्त कामाचा आहे. आणि तो आकडा लेबलवर थेट छापलेलाच नसतो. त्याच्या जागी प्लस असतात.

प्लस कसे ठरतात?

पीए ही पद्धत जपानची. तिथल्या सौंदर्यप्रसाधन उद्योगाच्या संघटनेने, म्हणजे जपान कॉस्मेटिक इंडस्ट्री असोसिएशनने, ती १९९६ मध्ये आणली. तेव्हा तीनच पायऱ्या होत्या, एक ते तीन प्लस. चौथा प्लस २०१३ मध्ये आला. पुढे कोरियानेही हीच पद्धत घेतली आणि कोरियन-जपानी उत्पादनांची लाट आली तसे हे प्लस भारतीय लेबलांवरही स्थिरावले.

चाचणी अशी असते. किमान दहा स्वयंसेवक घेतात. प्रत्येकाच्या पाठीवर छोटे चौकोन आखतात. एका भागावर दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम या प्रमाणात सनस्क्रीन लावतात, शेजारचा भाग कोरा ठेवतात. मग यूव्हीबी गाळून टाकलेल्या, म्हणजे फक्त यूव्हीए देणाऱ्या दिव्याने दोन्ही भागांवर चढत्या क्रमाने डोस देतात. त्यानंतर थांबतात. दिव्याखाली त्वचा लगेच काळपट दिसते, पण त्यातला काही भाग थोड्या वेळात ओसरतो. म्हणून किमान दोन तास जाऊ देतात आणि त्यानंतरही टिकून राहिलेला तपकिरीपणा बघतात. तो यायला कोऱ्या त्वचेवर किती डोस लागला आणि सनस्क्रीनखाली किती लागला, यांचा भागाकार म्हणजे यूव्हीए गुणांक. कोऱ्या त्वचेला १ डोस पुरला आणि सनस्क्रीनखाली १० डोस लागले, तर गुणांक १०. सगळ्या स्वयंसेवकांची सरासरी काढतात.

हा आकडा मग पट्ट्यांमध्ये टाकतात. गुणांक २ ते ४ च्या आत असेल तर एक प्लस. ४ ते ८ च्या आत असेल तर दोन. ८ ते १६ च्या आत असेल तर तीन. १६ किंवा त्याहून जास्त असेल तर चार.

पट्टी दर पायरीला दुप्पट होते, हे इथे लक्षात घ्या. त्यामुळे तीनवरून चारवर जाणं म्हणजे 'तेहतीस टक्के जास्त' असं नाही. तीन प्लसची पट्टी जिथून सुरू होते तिथे गुणांक ८ असतो, म्हणजे यूव्हीएचा साधारण आठवा हिस्सा, साडेबारा टक्के, त्वचेपर्यंत पोचतो. चार प्लसची पट्टी सुरू होते तिथे सोळावा हिस्सा, सव्वासहा टक्के. पोचणारा यूव्हीए निम्मा होतो. एसपीएफ ३० आणि ५० मधल्या फरकावर लोक तावातावाने भांडतात. तिथे हाच हिशेब केला तर साधारण सव्वातीन टक्के विरुद्ध दोन टक्के असं येतं. प्लसमधला फरक त्याहून बराच मोठा आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

पट्टीची एक अडचणही आहे. गुणांक ८.१ आलेलं सनस्क्रीन आणि १५.९ आलेलं सनस्क्रीन, दोघांवरही तीनच प्लस छापले जातात. एक दुसऱ्यापेक्षा जवळपास दुप्पट चांगलं आहे, पण दुकानात ते सारखेच दिसतात. चार प्लसला तर वरची मर्यादाच नाही. १६ लाही चार आणि ३० लाही चारच. म्हणजे प्लस ग्राहकाला किमान किती मिळेल याचा मजला दाखवतात, नेमका आकडा दाखवत नाहीत. आणि कुणी पाच प्लस छापले असतील, तर त्या पद्धतीत पाचवी पायरीच नाही. तो प्लस छपाईच्या शाईचा आहे.

'ब्रॉड स्पेक्ट्रम' म्हणजे किती ब्रॉड?

आता दुसरा दावा. ब्रॉड स्पेक्ट्रम म्हणजे यूव्हीबी आणि यूव्हीए दोन्ही अडवणारं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. 'अडवणारं' म्हणजे किती, याची व्याख्या मात्र देशागणिक बदलते.

अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये नियम केला. त्यात सनस्क्रीनचा पातळ थर एका प्लास्टिकच्या पट्टीवर लावतात आणि ते २९० पासून ४०० नॅनोमीटरपर्यंत कुठे किती किरण शोषतं, याचा आलेख काढतात. मग २९० पासून पुढे जात त्या आलेखाखालचं ९० टक्के क्षेत्र कोणत्या तरंगलांबीपाशी पूर्ण होतं ते बघतात. याला क्रिटिकल वेव्हलेंग्थ म्हणतात. ती ३७० नॅनोमीटर किंवा त्यापुढे आली की सनस्क्रीन 'ब्रॉड स्पेक्ट्रम'.

यातली मेख अशी की ही चाचणी आलेखाचा आकार बघते, उंची बघत नाही. समजा एक जाड गोधडी आहे आणि एक पातळ चादर आहे. दोन्हींनी डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकलं जातं. 'पाय झाकले का?' एवढाच प्रश्न असेल तर दोन्ही पास. थंडी कुणी किती अडवली, हा प्रश्नच विचारलेला नाही. क्रिटिकल वेव्हलेंग्थ म्हणजे हा पाय झाकले का नाही ते बघणारा प्रश्न आहे. संरक्षण यूव्हीएच्या टोकापर्यंत पसरलंय का हे त्यातून कळतं, ते किती जाड आहे हे कळत नाही.

युरोपियन युनियनने २००६ च्या शिफारशीत दोन अटी घातल्या. ३७० ची अट आहेच, पण त्याशिवाय यूव्हीए गुणांक हा एसपीएफच्या किमान एक तृतीयांश हवा. एसपीएफ ३० असेल तर यूव्हीए गुणांक किमान १०. हे जमलं की लेबलवर गोलात 'यूव्हीए' छापतात. ऑस्ट्रेलियातही ब्रॉड स्पेक्ट्रमसाठी हीच एक तृतीयांशची अट आहे.

दोन व्याख्यांमध्ये प्रत्यक्षात किती फरक पडतो, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. अमेरिकेच्या बाजारातली २० सनस्क्रीन्स घेऊन प्रयोगशाळेत दोन्ही कसोट्यांवर तपासली. अमेरिकन कसोटीवर २० पैकी १९ पास झाली. युरोपच्या कसोटीवर पास झाली फक्त ११. ट्यूब तीच, मलम तेच, फक्त प्रश्न बदलला आणि आठ उत्पादनं गळाली. एफडीएने स्वतः २०१९ मध्ये आपली यूव्हीए कसोटी कडक करण्याचा प्रस्ताव मांडला होता.

मग भारतात ट्यूबवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' दिसलं तर यातला कोणता अर्थ घ्यायचा? लेबलवर ते लिहिलेलं नसतं. आपल्याकडे सनस्क्रीन औषधात नाही, सौंदर्यप्रसाधनात मोडतं आणि कॉस्मेटिक्स रूल्स २०२० त्याला लागू होतात. खोटा किंवा दिशाभूल करणारा दावा करू नये, असं नियम म्हणतात. उत्पादनाचा परवाना लागतो आणि त्याचा क्रमांक लेबलवर असतो. पण परवाना क्रमांक आहे म्हणजे कुणी सरकारी माणसाने चार प्लस मोजून बघितले, असा त्याचा अर्थ नाही. जपानमध्येसुद्धा पीए ही उद्योगाने स्वतःहून घातलेली शिस्त आहे. आकडा कंपनी काढून घेते आणि कंपनीच छापते.

म्हणून माझं मत असं की भारतीय लेबलवर नुसतं 'ब्रॉड स्पेक्ट्रम' वाचून फार काही हाती लागत नाही. 'यात यूव्हीएसाठी काहीतरी घातलंय' एवढंच त्यातून धरता येतं. त्याच्या शेजारी प्लस असतील तर मात्र आपल्या हातात एक आकडा येतो आणि त्यावर हिशेब करता येतो.

तीन ट्यूब, एक हिशेब

हा हिशेब करूनच बघू. समजा दुकानात तुमच्यासमोर तीन ट्यूब आहेत. पहिलीवर एसपीएफ ५०, पीए+++. दुसरीवर एसपीएफ ३०, पीए+++. तिसरीवर एसपीएफ ५०, पीए++++. तिन्हींवर 'ब्रॉड स्पेक्ट्रम' लिहिलंय. बहुतेक लोक दुसरी आधी बाजूला ठेवतील, कारण ३० दिसतोय.

आता युरोपची एक तृतीयांशची फूटपट्टी लावा. पहिल्या ट्यूबचा एसपीएफ ५०, म्हणजे यूव्हीए गुणांक किमान १६.७ हवा. पण तीन प्लस म्हणजे गुणांक ८ ते १६ च्या आत. पट्टीच्या सगळ्यात वरच्या टोकाला असलं तरी ते १६.७ ला पोचत नाही. म्हणजे एसपीएफ ५० सोबत पीए+++ छापलेलं सनस्क्रीन, त्याच्या स्वतःच्या लेबलनुसारच, युरोपच्या कसोटीत बसत नाही. प्रयोगशाळेत जायची गरजच नाही, लेबलनेच कबुली दिली आहे.

दुसऱ्या ट्यूबचा एसपीएफ ३०, म्हणजे हवा १०. तीन प्लसची पट्टी ८ ते १६, त्यामुळे बसण्याची शक्यता चांगली आहे, पण खात्री नाही. ८ किंवा ९ असेल तर हुकेल. तिसऱ्या ट्यूबला हवा १६.७ आणि चार प्लसचा मजला १६. इथे फट एवढी बारीक आहे की व्यवहारात बसली असं समजायला हरकत नाही.

याचा अर्थ पहिली ट्यूब टाकाऊ आहे, असा नाही. यूव्हीएपुरतं बोलायचं तर पहिली आणि दुसरी एकाच पट्टीत आहेत. पहिलीचं यूव्हीबी संरक्षण जास्त आहे, एवढंच. अडचण वेगळी आहे. यूव्हीबी भरपूर अडवलं आणि यूव्हीए त्या मानाने कमी अडवलं, तर त्वचा लाल होत नाही, चुरचुरत नाही, त्यामुळे माणूस उन्हात जास्त वेळ थांबतो. चुरचुरणं हा शरीराचा 'आता सावलीत चल' असा इशारा असतो. तो इशारा बंद झालेला असतो आणि यूव्हीए मात्र आत येत असतो. एक तृतीयांशच्या अटीमागचा विचार हाच आहे की दोन्ही किरण निदान एकमेकांच्या प्रमाणात अडवले जावेत.

याच हिशेबाने आणखी एक जोडी लगेच ओळखता येते. एसपीएफ ३० सोबत पीए++ असेल तर गुणांक ८ च्या आत आणि हवा १०, म्हणजे लेबलवरच नापास. जुन्या लोशनवर आणि 'सनस्क्रीनयुक्त' म्हणून विकल्या जाणाऱ्या मॉइश्चरायझरवर अशा जोड्या मिळतात. एकदा घरातल्या सगळ्या ट्यूब काढून हा भागाकार करून बघा.

छापलेला प्लस खरा आहे का?

आतापर्यंतचा सगळा हिशेब लेबल खरं आहे असं धरून केला. ते नेहमी खरं असतंच असं नाही. डिसेंबर २०२० मध्ये एका लोकप्रिय कोरियन सनस्क्रीनची युरोपातल्या प्रयोगशाळेत चाचणी झाली. ट्यूबवर एसपीएफ ५०+ आणि पीए++++ होतं, एसपीएफ भरला साधारण १९. कंपनीने विक्री थांबवली. जून २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चॉइस या ग्राहक संस्थेने २० सनस्क्रीन्स तपासली आणि त्यातली १६ छापलेल्या एसपीएफला पोचली नाहीत. ५०+ लिहिलेलं एक उत्पादन तर ४ वर आलं. ऑस्ट्रेलियात यावरचे नियम जगातल्या कडक नियमांपैकी आहेत, तरी हे झालं.

घरबसल्या प्लस मोजता येत नाहीत. यूव्ही कॅमेऱ्यात चेहरा काळा दिसतोय म्हणून सनस्क्रीन उत्तम, असे व्हिडिओ फिरतात. कॅमेऱ्यात थर कुठे लागला आणि कुठे राहून गेला हे दिसतं. गुणांक ८ आहे की १६, हे त्यातून कळत नाही. पण दोन गोष्टी करता येतात.

पहिली, घटकांची यादी वाचणं. यूव्हीए अडवणारी द्रव्यं मोजकीच आहेत. अव्होबेन्झोन हे सगळ्यात जास्त दिसणारं, यादीत ते ब्युटिल मेथॉक्सीडायबेन्झॉइलमिथेन अशा लांबलचक नावाने येतं. झिंक ऑक्साइड हे दुसरं. नव्या पिढीतलं डायएथिलअमिनो हायड्रॉक्सीबेन्झॉइल हेक्सिल बेन्झोएट आणि बेमोट्रिझिनॉल, जे यादीत बिस-एथिलहेक्सिलऑक्सिफिनॉल मेथॉक्सिफिनाइल ट्रायझिन म्हणून दिसतं. नावं पाठ करायची गरज नाही, फोनमध्ये एक नोट करून ठेवा. यादीत फक्त ऑक्टिनॉक्सेट, ऑक्टिसलेट आणि टायटॅनियम डायऑक्साइड असेल आणि वर चार प्लस असतील, तर शंका घ्यायला जागा आहे. पहिली दोन मुख्यतः यूव्हीबीची द्रव्यं आहेत आणि टायटॅनियम डायऑक्साइड यूव्हीएच्या लांब टोकाला कमजोर पडतं.

अव्होबेन्झोनबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. ते यूव्हीए उत्तम अडवतं, पण उन्हात स्वतःच विघटित होत जातं, आणि सोबत ऑक्टिनॉक्सेट असेल तर आणखी वेगाने. त्याला टिकवण्यासाठी ऑक्टोक्रिलिन किंवा बेमोट्रिझिनॉलसारखं द्रव्य जोडीला लागतं. अव्होबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट एकत्र दिसले आणि टिकवणारं काहीच दिसलं नाही, तर ती चांगली खूण नाही. अर्थात यादीवरून प्रमाण कळत नाही, त्यामुळे यादी बघून 'हे वाईटच' असं छातीठोक सांगता येत नाही. संशय घ्यायला किंवा थोडा कमी करायला तिचा उपयोग होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे कंपनीला विचारणं. प्रश्न नेमका हवा. 'तुमचं सनस्क्रीन टेस्टेड आहे का?' याला उत्तर हो असंच येणार. त्याऐवजी विचारा की यूव्हीए गुणांक किती आला, चाचणी आयएसओ २४४४२ नुसार माणसांवर केली की आयएसओ २४४४३ नुसार प्लास्टिकच्या पट्टीवर, आणि ती बाजारात असलेल्या शेवटच्या फॉर्म्युल्यावर केली का. काही ब्रँड आता अहवाल वेबसाइटवर टाकतात. अहवालात सरासरी आकडा, स्वयंसेवकांची संख्या आणि उत्पादनाचं नाव ट्यूबशी जुळतं का, एवढं बघितलं तरी पुष्कळ. उत्तरच टाळलं, तर तेही एक उत्तर आहे. दावा उघड खोटा वाटला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

प्लस जे सांगत नाहीत

चाचणीत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावलं होतं, हे आठवत असेल. चेहरा आणि मान मिळून साधारण ५०० ते ६०० चौरस सेंटीमीटर धरले तर एका वेळेला १ ते १.२ ग्रॅम लागतं. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा ओढल्या की साधारण तेवढं होतं. या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा लावली तर दीड महिन्याच्या आसपास संपायला हवी, दोनदा लावली तर तीन-साडेतीन आठवड्यांत. तुमची ट्यूब पाच महिने पुरत असेल तर लेबलवरचे प्लस तुमच्या चेहऱ्यावर नाहीत.

निम्मंच लावलं तर संरक्षण निम्म्यावर येतंच, बरेचदा त्याहूनही खाली जातं. म्हणजे गुणांक १६ चं चार प्लसवालं सनस्क्रीन अर्ध्या मात्रेत लावलं, तर ते फार फार तर तीन प्लसच्या तळाला उरतं आणि दोनवरही घसरू शकतं. दीड हजार रुपयांची ट्यूब पुरवून पुरवून लावणाऱ्यापेक्षा चारशेची तीन प्लसवाली सढळ हाताने लावणारा फायद्यात राहू शकतो, तो यामुळेच.

गुणांक १६ म्हणजे उन्हात सोळापट वेळ थांबता येईल, असाही अर्थ काढू नका. पाठीवर दिव्याखाली घाम येत नाही, कुणी रुमालाने तोंड पुसत नाही, हेल्मेटची पट्टी गालावर घासत नाही. पुण्या-मुंबईत दुचाकीवरून तासभर गेल्यावर काय उरतं, हे त्या चाचणीत मोजलेलंच नाही.

वांग असलेल्यांसाठी आणखी एक मर्यादा आहे आणि ती आपल्या त्वचेच्या रंगाशी जोडलेली आहे. पीएची मोजणी ४०० नॅनोमीटरपाशी संपते. पण गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर त्यापुढचा, म्हणजे डोळ्यांना दिसणारा प्रकाशसुद्धा, विशेषतः निळा-जांभळा भाग, काळपटपणा वाढवतो. चार प्लसवालं पारदर्शक जेल हा प्रकाश जवळजवळ तसाच जाऊ देतं. पारदर्शक आहे म्हणजेच दिसणारा प्रकाश आरपार जातोय, नाही का? तो अडवायला रंग लागतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञ वांगासाठी टिंटेड सनस्क्रीन सुचवतात. घटकांच्या यादीत आयर्न ऑक्साइड्स किंवा सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे क्रमांक दिसले की तो रंग ओळखायचा. 'चार प्लस लावूनही वांग जात नाही' अशी तक्रार कमेंट्समध्ये सतत दिसते. त्यामागे बाकीही कारणं असतात, हार्मोन्स असतात, औषधं असतात. पण बिनरंगाचं सनस्क्रीन हे त्यातलं एक नेहमी नजरेतून सुटणारं कारण आहे, आणि लेबलवर कितीही प्लस असले तरी ते त्याबद्दल काहीच बोलत नाहीत.